दोन्हीकडे चालणारं नाव

नुसतं नाव ऐकून माणूस पुरुष आहे की बाई हे आपल्याला लगेच कळतं, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. त्यातली काही मुख्याध्यापक होती आणि उरलेली माझ्या सासरची. दोघांबद्दलही माझं मत सारखंच आहे, आणि ते चांगलं नाही.

मी शहरातल्या एका खासगी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकून होते. प्रवेशाचे अर्ज घ्यायचे, दाखलखारीज रजिस्टरात नावं चढवायची, शाळा सोडल्याचे दाखले लिहायचे, हे माझं काम. पोराचं नाव, मग बापाचं, मग आडनाव, असा आपल्याकडचा क्रम. मधलं नाव मुलाचं असो की मुलीचं, बापाचंच असतं. मुलीचं लग्न झालं की तिथं नवरा येऊन बसतो. त्यामुळे मधल्या नावावरून काही म्हणजे काही कळत नाही, आडनावावरूनही नाही. उरतं ते पहिलं नाव, आणि त्यानंच दगा दिला तर अर्जावरच्या रकान्यात पाहावं किंवा समोर उभ्या असलेल्या आईला विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत. पण विचारण्यात लोकांना कमीपणा वाटतो.

आमचे एक मुख्याध्यापक होते, त्यांना तर फारच वाटायचा. गणवेशाची मागणी नोंदवायची होती आणि रजिस्टर पाहायचा साहेबांना कंटाळा. त्यांनी वर्गाची नुसती नावांची यादी पुढ्यात घेतली आणि स्वतःचा नियम लावला. नावाच्या शेवटी काना किंवा वेलांटी आली की मुलगी, नाही आली की मुलगा. झालं. कृष्णा आणि दत्ता या दोन दांडगट पोरांच्या नावावर स्कर्ट आले. सोनल, काजल आणि स्नेहल यांना हाफ पँट. शीतल नावाच्या पोरालाही हाफ पँट आली आणि ती बरोबर निघाली, कारण तो खरोखरच मुलगा होता. घरचे जैन, त्यांच्यात तीर्थंकरांच्या नावावरून मुलाला शीतल म्हणतात. आमच्याकडच्या बाकीच्या सगळ्या शीतल मुली. साहेबांनी तो एक शीतल वर्षभर मिरवला. स्कर्टांचा विषय काढला की म्हणायचे, "अहो, पण शीतलचं मी बरोबर ओळखलं होतं ना?" एवढा निर्लज्ज आनंद मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

मी स्वतः कधी अंदाज बांधला नाही, पण बांधायचाच झाला तर काय पाहावं हे मला त्या रजिस्टरानं शिकवलं. शेवटचं अक्षर पाहावं, पण त्याच्यावर विसंबू नये. घर कुठलं ते पाहावं. कमल, विमल, सुमन ही नावं आमच्या खेड्यांत साठीच्या पुढच्या बायकांची. तीच नावं मारवाड्याच्या किंवा उत्तरेकडच्या घरात पुरुषांची असतात. कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला टकला कमल मी डोळ्यांनी पाहिला आहे. पंजाबी घरात तर पहिल्या नावावरून कळतच नाही, मागं सिंग आहे की कौर ते पाहावं लागतं. जुन्या शहरातून नसीम, शमीम, खुर्शीद यायचे, त्यात मुलंही असायची आणि मुलीही; तिथं मी सरळ विचारायचे, "लडका है या लडकी?" आणि अम्मी हसून सांगायच्या. मग पिढी पाहावी. एखादं नाव आजोबांच्या वेळी पुरुषाचं असतं आणि नातवंडांच्या वेळी मुलींचं होऊन बसतं. मागं राव, बाई, ताई असं काही लागतं का ते पाहावं. आणि सगळ्यांत खात्रीचं म्हणजे आई त्या लेकराला हाक कशी मारते ते ऐकावं. "आलास का" म्हणते की "आलीस का", यातून जे कळतं ते कुठल्या नियमातून कळत नाही. थोडक्यात, नाव कुणाला शोभतं हे नावाकडे पाहून ठरत नाही, ते ज्याला ठेवलंय त्याच्याकडे पाहून ठरतं. एवढी साधी गोष्ट आहे.

ही साधी गोष्ट माझ्या सासरच्यांना मात्र कधी कळली नाही.

माझं माहेर गंगापूरकडचं, ऊस आणि कापूस करणारं घर. वडिलांनी माझं नाव मी जन्माला यायच्या आधीच ठरवलं होतं. "पोरगं होऊ का पोरगी, किरणच ठेवायचं. दोन्हीकडं चालतंय," असं ते म्हणाले होते म्हणे. मी किरण झाले. वडील मला दिवसातून पन्नास वेळा हाक मारायचे. धाकट्या भावांची मी अक्का होते. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही.

लग्न ठरलं मुकुंदवाडीत. नवरा सरकारी नोकरीत, स्वभावानं गरीब. गरीब म्हणजे कुणापुढं तोंड न उघडणारा. लोक त्याला चांगुलपणा म्हणतात, मी म्हणत नाही. घरात चालायचं ते माझ्या थोरल्या नणंदेचं. बैठकीत माझं नाव ऐकून त्यांनी नाक मुरडलं. "किरण? अगंबाई, हे तर पुरुषाचं नाव. ह्यांच्या ऑफिसात दोन किरण आहेत, दोघंही मिशीवाले. उद्या दारावर पाटी लावली तर लोक म्हणतील, दोन भाऊ राहतात." सगळे हसले. माझे वडीलही हसले, पण ते कसं हसले ते मी पाहिलं.

लग्नानंतर तांदळाचं ताट पुढं आलं. आपल्याकडे नवरदेव ताटात पसरलेल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितो, मग ते सगळ्यांना सांगतात आणि पेढे वाटतात. नणंदबाईंनी सांगितलं आणि माझ्या नवऱ्यानं लिहिलं, प्रतिभा. मी तिथं बसले होते. माझं वय चोवीस, शिक्षण बी.ए., तोंडात जीभ होती. मी एक शब्द बोलले नाही. इतरांबद्दल मी जे काही बोलते त्याच्या दुप्पट मला स्वतःबद्दल बोलायचा हक्क आहे, तो त्या दिवसामुळे. नंतर राजपत्रात नाव बदलून घेतलं, नोकरीही त्याच नावानं लागली. घरी मात्र प्रतिभा तरी कोण म्हणत होतं? नवरा "अगं ऐकलंस का" म्हणायचा, दीर वहिनी, शाळेत मॅडम. पुरुषी नाव नको म्हणून एवढा तमाशा करून आणलेलं ते बायकी नाव फक्त पगारपत्रकावर राहिलं.

चार वर्षांनी वडील गेले. मला किरण म्हणणारं माणूस तेवढंच होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. नणंदबाई बारशाला नाचत आल्या. कुठल्याशा मासिकातली नावांची यादी वाचून आल्या होत्या. पाळण्यापाशी बसून मला म्हणाल्या, "मी ना एकदम मॉडर्न नाव शोधलंय. किरण! मुलींनाही ठेवतात हल्ली. छोटं, सुटसुटीत."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता आठवेल, आता जीभ चावतील. काही नाही. पाच वर्षांपूर्वी ज्या नावाला मिशी होती त्याची मिशी उतरली होती आणि ती उतरवल्याचं सगळं श्रेय त्या घेत होत्या. मी म्हटलं, "छान आहे. ठेवा." रागही आला होता, आणि खरं सांगायचं तर हसूही. माझं होतं ते माझ्याच घरात परत येत होतं, आणि आणणारीला पत्ता नव्हता. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पोरीला कुणी हाक मारली की मी वळून पाहायचे. मग ती सवयही गेली. पोरीला मी यातलं काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते? की तुझ्या आईनं तोंड उघडलं नाही?

पोरगी शिकली, वाळूजला एका कंपनीत लागली. तिथंच तिनं मुलगा पसंत केला. पिशोरचा, शेतकरी घरातला, इंजिनिअर, शांत. तिनं त्याचं नाव सांगितलं आणि मी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली.

"काय नाव म्हणालीस?"

"किरण," ती म्हणाली. "हसू नकोस. कंपनीत सगळे हसून झालेत."

मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. एका गावात दोन शांता असतात तसे एका घरात दोन किरण. पण पुढच्याच आठवड्यात मुलाच्या वडिलांचा निरोप आला. मुलगी पसंत, घर पसंत, पत्रिका जुळते, फक्त मुलीचं नाव बदलायचं. कीर्ती ठेवू म्हणाले. एका घरात दोन किरण नकोत, आणि किरण हे मूळचं पुरुषाचंच नाव.

माझ्या पोरीनं त्याच दिवशी सांगितलं, "लग्न मला करायचंय आणि त्याच्याशीच करायचंय. पण नाव बदलणार नाही. त्यांना चालत नसेल तर मोडा." असं बोलून ती आत गेली आणि मग तिच्या रडण्याचा आवाज आला. तिला दोन्ही हवं होतं, आणि मुलाकडचे त्यातलं एकच द्यायला तयार होते. जे माझं झालं ते तिचं होणार, एवढंच मला दिसत होतं.

बोलणी करायला आम्ही पिशोरला गेलो. मी, नवरा, पोरगी आणि अर्थातच नणंदबाई. त्यांच्याशिवाय आमच्याकडे बैठक होत नाही. गावात शिरल्यावर चहाच्या टपरीवर विचारलं, "किरण म्हणून वाळूजला इंजिनिअर आहेत, त्यांचं घर कुठलं?"

टपरीवाल्यानं डोकं खाजवलं. "किरण? नाय बा, असं कोणी नाय आमच्या गावात." त्यानं बाकावरच्या दोघांना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. मग मी त्याच्या वडिलांचं नाव सांगितलं, तसा तो म्हणाला, "आवो, मंग बापूचं घर म्हना की! बापूला कोण वळखत नाय इथं? म्होरं जा, देवळाच्या बाजूला, निळं गेट."

मी ते ऐकलं आणि गप्प बसले. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढलेली बाई कागद कधी पुढं सरकवायचा हे शिकलेली असते.

बैठकीला दोन्हीकडची मिळून दहा-बारा माणसं. मुलाचे वडील फेटा बांधून बसले होते. ते बोलले ते मोठ्या समजुतीनं बोलले, आणि अशा समजुतीनं बोलणाऱ्यांचाच मला जास्त राग येतो. "हे बघा विहीणबाई, तुम्ही शाळेतल्या. तुमच्या हाताखालनं हजारो नावं गेली आसतील. तुम्हीच सांगा, किरण ह्ये नाव पोराचं का पोरीचं?"

"दोघांचंही," मी म्हटलं.

"तसं कसं? नाव म्हंजी एका बाजूचं आसलंच पायजे. सरकारी कागदावर किरण किरण आसं लागलं तर लोक म्हनतील, टायपिंगची चूक झाली."

"लग्नपत्रिका छापायला दिली तर छापणाराही तेच म्हणेल," मी म्हटलं. "म्हणून तर एकापुढं चि. लावतात आणि एकीपुढं चि. सौ. कां. लावतात. कागदाची सोय कागद करतो. त्यासाठी माणसाचं नाव कापायचं कारण नाही."

मग नणंदबाई बोलल्या. आमच्या बाजूनं आलेल्या, आमच्या गाडीत बसून, वाटेत आमच्याच पैशाची भजी खाऊन. म्हणाल्या, "वहिनी, ताणू नका. किरण मुळात पुरुषाचंच नाव, मी पहिल्यापासून म्हणतेय. मुलीनं थोडं नमतं घ्यावं."

"तुम्हीच ठेवलंत ते हिचं नाव," मी म्हटलं. "पाळण्यापाशी बसून."

"मी?" त्या खरोखर चकित झाल्या. "मी कशाला असलं नाव ठेवू?"

"आणि त्याच्या आधी तुम्हीच ते माझं काढून टाकलं होतंत."

माझ्या पोरीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या नवऱ्यानं कपाळाला आठ्या घालून थोडा विचार केला आणि म्हणाला, "अरे हो. तुझं माहेरचं नाव किरणच होतं नाही का?"

त्या तांदळात दुसरं नाव स्वतःच्या बोटांनी लिहिणारा माणूस हा. जुना टेलिफोन नंबर आठवावा तसं त्याला ते आठवलं होतं. मला त्याच्यावर ओरडावंसंही वाटलं नाही.

मुलाचे वडील मात्र अडून बसले. "जे झालं ते झालं. आमच्या घरात हे नाव अठ्ठावीस वर्षं नांदतंय. आमच्या पोराच्या नावावर दुसऱ्याचा हक्क कसा चालंल?"

आता कागद पुढं सरकवायची वेळ झाली होती. मुलाची आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. बैठकीत तिला कुणी काही विचारलं नव्हतं, विचारायची पद्धतही नसावी. मी तिला म्हटलं, "विहीणबाई, जरा किरणला बोलावता का?"

तिनं क्षणाचाही विचार केला नाही. माझ्या पोरीकडे बोट दाखवून म्हणाली, "किरण तर ही काय, इथंच बसलीया की."

एक काका हसले, मग दुसरे हसले, आणि ती बाई गोंधळून नवऱ्याकडे पाहू लागली. तिचं काय चुकलं? तिचा मुलगा बापूच होता. घरात, गल्लीत, टपरीवर, सगळीकडे बापू. दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि कंपनीच्या कार्डावर किरण होता तेवढाच. कंपनीतही त्याला आडनावानंच हाक मारतात, हे पोरीनं नंतर सांगितलं. ज्या नावाच्या राखणीला बापाला फेटा बांधून बसावं लागलं होतं, ते नाव त्या घरात अठ्ठावीस वर्षं कुणी उच्चारलेलंच नव्हतं.

तेवढ्यात बापू आतून आला. बहुधा दाराआड उभा राहून सगळं ऐकत होता. मधल्या काळात त्याला तोंड का उघडता आलं नाही हे मी त्याला अजून विचारलेलं नाही, पण विचारणार आहे. तो वडिलांना म्हणाला, "दादा, राहू द्या. हिला किरण म्हणा, मला बापू म्हणताच की."

मुलाच्या वडिलांनी फेटा सारखा केला. "व्हय, मंग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. हरल्याचं त्यांनी कबूल केलं नाही. उलट आम्ही निघालो तेव्हा मला सांगितलं, "मला काय, दोन्हीकडं चालतंय." माझ्या वडिलांचंच वाक्य त्यांच्या तोंडून आलं. त्या माणसापुढं रडायचं नाही म्हणून मी चपला शोधायच्या निमित्तानं खाली वाकले.

परतीच्या वाटेवर पोरगी माझ्या शेजारी बसली होती. हळू आवाजात म्हणाली, "तू तेव्हा का नाही बोललीस गं?"

"घाबरले होते," मी म्हटलं. खरं तेच होतं.

लग्न शहरातच झालं. हल्ली तांदळाचा कार्यक्रमही कार्यालयातच उरकतात. ताट आलं, अंगठी आली. नणंदबाई पुढच्या रांगेत बसून सगळ्यांना सांगत होत्या की हे नाव बारशाला त्यांनीच ठेवलं होतं; ते पुन्हा एकदा त्यांना आठवलं होतं. बापूनं सावकाश, अंगठी दाबून तांदळात लिहिलं, किरण. शेवटी काना नाही, वेलांटी नाही. माझ्या लग्नातल्या ताटात हवं होतं तेच नाव, मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून पाहत होते.

फोटोग्राफरला फोटो हवा होता. पत्रिका वाचून आला होता बिचारा, दोघांना एकदम बोलवायची सोपी युक्ती त्याला सापडली होती. कॅमेरा डोळ्याला लावून तो मोठ्यानं ओरडला, "किरण, इकडं बघा!"

बापूनं मान वर केली नाही. त्याला हाक आपली वाटलीच नाही. तो तांदूळ सारखे करत होता. माझ्या पोरीनं हसून कॅमेऱ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागं उभी होते; पोरीच्या लहानपणीच ही सवय गेली होती, तरी मीही वळून पाहिलं.

नणंदबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "तुम्ही कशाला बघताय? त्यानं नवरा-नवरीला हाक मारली."

"नाही," मी म्हटलं. "मला मारली."